अंदमानात राहणारे रक्तदाते

मी बावीस वर्षं टायपिंग शिकवलं. भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचा क्लास होता. एका भिंतीला मराठी आणि इंग्रजी मशीन्स, समोरच्या भिंतीला पुढे घेतलेले सहा कॉम्प्युटर. टायपिंगचा पहिला धडा कुठेही गेलात तरी एकच असतो. डाव्या हाताची चार बोटं asdf वर ठेवायची आणि मान वर करून, कळांकडे न बघता, पानभर तेच मारायचं. मी म्हणायचे, "बोटं घरी ठेवा. फिरायला गेली तरी परत घरी आली पाहिजेत." किती हजार वेळा ही चार अक्षरं मी वर्गात ओरडले असेन देव जाणे.

त्यामुळे आमच्या रक्तदात्यांच्या यादीत जेव्हा पहिल्यांदा नावाच्या रकान्यात asdf दिसलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. माझाच धडा माझ्याच तोंडावर! आणि माझं डोकं फिरायला वेळ लागत नसे. राग कायम नाकावर. घरातले म्हणायचे, हिला शिंक आली तरी आधी कोणावर तरी ओरडून मग शिंकते.

ही यादी कशी झाली ते सांगते. आमच्या गणपती मंडळाचं दरवर्षी रक्तदान शिबिर व्हायचं. तेव्हा इंटरनेट घरोघरी यायला लागलं होतं आणि मंडळाच्या सेक्रेटरींना वाटलं, आपल्या दात्यांची यादी इंटरनेटवर असावी. कोणाला रक्ताची गरज पडली की बघितलं, फोन केला, संपलं. सेक्रेटरी मूळचे रत्नागिरीचे, औषधाच्या कंपनीत नोकरीला, माणूस तळमळीचा. माझ्याकडे आले नि म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर तुमचा प्रांत. हे तुम्हीच करायचं." माझा एक जुना विद्यार्थी वेबसाइट बनवायच्या कामात होता, त्याने फुकट साइट बांधून दिली. फॉर्म मात्र मी सांगितला तसा. रकाना न् रकाना माझा.

आणि मी काही हातचं राखलं नाही. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, वजन, रक्तगट, शिक्षण, व्यवसाय, पत्त्याची पहिली ओळ, पत्त्याची दुसरी ओळ, जवळची खूण, पिनकोड, शहर, राज्य, घरचा फोन, मोबाईल, ई-मेल, शेवटचं रक्तदान कधी केलं, आमच्याबद्दल कुठून कळलं. एकूण अठरा रकाने, आणि प्रत्येकापुढे लाल चांदणी. लाल चांदणी म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साइट बांधणारा म्हणाला होता, "बाई, पत्त्याची दुसरी ओळ सक्तीची कशाला?" मी म्हटलं, "ज्याला पत्ता नीट लिहायचा कंटाळा, तो रक्त काय देणार?" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यात सेक्रेटरींनी एक अट घातली. दात्यांचे फोन नंबर असे उघड्यावर ठेवले तर विमा एजंट त्यांना सुखाने जेवू देणार नाहीत. तेव्हा ज्याला यादी बघायची असेल त्याने आधी स्वतःची नोंदणी करायची. मुद्दा खरा होता. पण नोंदणीचा फॉर्म आमच्याकडे एकच. म्हणजे जो रक्त शोधायला आला त्यालाही तेच अठरा रकाने, आणि ते भरून झाले की तोही आपोआप दाता म्हणून यादीत. तेव्हा मला हे फारच हुशारीचं वाटलं. येईल तो दाता होईल!

शिबिरातले दाते कोण भरणार? त्यांचे कागदी फॉर्म होते. त्यावर नाव, रक्तगट आणि जमलं तर फोन, एवढंच. माझ्या क्लासमध्ये भाईंदर पश्चिमेकडच्या राई गावची एक मुलगी होती, वीस-एकवीस वर्षांची, इंग्रजी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा द्यायची होती तिला. हात स्वच्छ, चुका कमी, बोलणं त्याहून कमी. तिला म्हटलं, दुपारी रोज तासभर बसून हे भर, तुझा सरावही होईल. त्या वर्षी मंडळाने एक दिवस राईत जाऊनही शिबिर घेतलं होतं, त्यामुळे त्यातले बरेच फॉर्म तिच्याच गावचे होते. मिठागरावरचे, शेतीवरचे, मासळीचे लोक.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "बाई, ह्यांना ई-मेल न्हाय. काय लिहू?"

माझ्यासमोर तेव्हा बारा जणांची बॅच टकटकत होती. मी वर न बघता म्हटलं, "रिकामं सोडायचं नाही. काहीतरी लिही आणि पुढे जा."

हे वाक्य मी बोलले. तेव्हा विसरले, पण बोलले मीच.

साइट सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एक दिवस एक गृहस्थ तरातरा क्लासमध्ये आले. त्यांच्या मेहुण्याला रक्त हवं होतं, आमच्या यादीतून त्यांनी चार नंबर लावले आणि चारही खोटे निघाले. "कसली यादी ठेवलीय? लोकांच्या जिवाशी खेळ मांडलाय का?" वर्गासमोर बोलले.  

ते गेल्यावर मी यादी उघडली. आतापर्यंत मी फक्त खालचा आकडा बघायचे, एकूण दाते किती, आणि सेक्रेटरींना अभिमानाने सांगायचे. आता एकेक ओळ वाचायला घेतली. अरे देवा! नाव asdf. वडिलांचं नाव asdf. व्यवसाय sdfsdf. पत्त्याची दुसरी ओळ नुसतं टिंब. मोबाईल दहा वेळा नऊ. पिनकोड एक दोन तीन चार पाच सहा. ई-मेल असा की मागेपुढे asdf, मध्ये @ आणि शेवटी डॉट कॉम, कारण ई-मेलमध्ये ही दोन चिन्हं नसली तर फॉर्म अडून बसायचा. जन्मतारीख सगळ्यांची एक जानेवारी. रक्तगट सगळ्यांचा ए पॉझिटिव्ह, कारण यादीत तो पहिला. आणि राज्य? अंदमान आणि निकोबार. राज्यांची यादी इंग्रजी अक्षरांप्रमाणे होती, मी अंदमान सगळ्यात वर ठेवलेलं. ज्याने त्या रकान्याला हातच लावला नाही तो थेट काळ्या पाण्यावर. आमच्या भाईंदरच्या मंडळाचे शेकड्याने दाते अंदमानात!

मी हसले नाही. संताप संताप झाला. मला वाटलं, हे लोक टिंगल करतायत. रक्तदानासारख्या गोष्टीची टिंगल. मी खाली खाली जात राहिले आणि मग अशा नोंदी लागल्या ज्यांत नाव खरं वाटत होतं, रक्तगटही वेगवेगळे, पण ई-मेल asdf1, asdf2, asdf3, पत्त्याची दुसरी ओळ asdf, आणि राज्य पुन्हा अंदमान. नोंद कोणाच्या खात्यातून झाली तेही दिसत होतं. माझ्या क्लासच्या खात्यातून. म्हणजे ती.

दुपारी ती आली तेव्हा मी सगळ्या बॅचसमोर तिला उभं केलं. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. कामचुकार म्हटलं. "विश्वासाने काम दिलं नि तू बोटं आपटून मोकळी झालीस? माणसांची नावं आहेत ही, माणसांची!" ती मान खाली घालून उभी. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं, म्हणून गप्प आहे. ती खुर्चीवरची ओढणी उचलून गेली आणि परत आलीच नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीखही टळून गेली.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी साफसफाईला बसले. साइटवाल्याने मला एक सोय करून दिली होती. एका ओळीची आज्ञा लिहायची: ज्या नोंदीत कुठल्याही रकान्यात asdf असेल, ती काढून टाक. लिहिली. कॉम्प्युटरने एकदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, शंभर टक्के! एक टिचकी आणि यादी अर्ध्याहून कमी झाली. दुसरी प्रत ठेवायची असते हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. शिबिराचे कागदी फॉर्म तर मीच नोंदी झाल्या झाल्या रद्दीत दिले होते. कॉम्प्युटरमध्ये आलं ना, मग कागदाचा पसारा कशाला! त्या दिवशी मी फार शांत झोपले.

साधारण महिन्याने, एका शनिवारी सकाळी, मी यादी उघडून बसले होते. रोज सकाळी झाडू मारावा तशी मी आता रोज नव्या नोंदी तपासायचे. तर सकाळी आठ वाजताची एक ताजी नोंद. नाव asdf, सगळं asdf, अंदमान. "आला मेला!" मी मोठ्याने म्हटलं आणि पुसायला हात उचलला. तेवढ्यात दार वाजलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब राहायचं. त्यांचा मुलगा दारात उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. ह्याला मी लहानपणापासून बघितलेला, मराठी आमच्यासारखं बोलायचा, घाबरला की हिंदीवर जायचा. त्याची बायको पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. नाळेची वार खाली गर्भाशयाच्या तोंडाशी आली होती, त्यामुळे डॉक्टरांनी सोमवारी सकाळी सिझेरियन ठरवलं होतं आणि सांगितलं होतं की रक्तस्राव जास्त होऊ शकतो, दोन बाटल्या हाताशी नसतील तर मी हात लावणार नाही. तिचा गट ओ निगेटिव्ह. ब्लड बँकेकडे एकच बाटली. दुसरीसाठी दाता आजच आणा, रक्त तपासायला वेळ लागतो, उद्या रविवार.

"आंटी, आपकी वेबसाइट पे देखा. ओ निगेटिव्ह एक भी नहीं है. एकपण नाही."

"सगळी यादी बघितलीस? नोंदणी करून?"

"केली ना सकाळी. आठ वाजता." मग जरा ओशाळून म्हणाला, "सॉरी आंटी, मैंने उसमें कुछ भी डाल दिया. ती हॉस्पिटलमध्ये, मम्मी रडतेय, आणि फॉर्म विचारतोय शिक्षण किती, जवळची खूण काय, पत्त्याची दुसरी ओळ. एकदा नीट भरायला घेतला होता, पण पिनकोडचा एक आकडा राहिला तर फॉर्म परत आला. मग काय, बोटं फिरवली नि आत गेलो. मला फक्त नंबर पाहिजे होता."

माझ्या मागे स्क्रीनवर त्याचीच नोंद उघडी होती. मी तिला आत्ताच मेला म्हटलं होतं.

 एवढे दिवस मी ह्या लोकांना टवाळ समजत होते. त्यातला दर दुसरा तरी कोणाच्या ना कोणाच्या खाटेजवळून उठून आलेला असणार. हातात वेळ नाही, डोकं ठिकाणावर नाही, आणि मी त्याला विचारत्येय की आमच्याबद्दल तुम्हाला कुठून कळलं! तोही बिचारा काय करणार? दार उघडत नव्हतं, त्याने ढकललं.

पण हे कळून बाटली मिळणार नव्हती. मी सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, निगेटिव्हवाले आपल्याकडे दोन-तीन आले होते. एक तर राईच्या शिबिरात होता, मला पक्कं आठवतंय. त्याला निगेटिव्ह सांगितलं तर तो रडकुंडीला आला. त्याला वाटलं आपल्याला काही रोग आहे. मी अर्धा तास समजावत होतो. यादीत असेल बघा."

"नाव काय त्याचं?"

"नाव कुठे आठवतंय? यादीत बघा ना."

यादीत! शिबिराला आलेल्या ब्लड बँकेला विचारलं. तिथल्या बाईंनी पिशवीचा नंबर विचारला. नंबर नसेल तर नाव. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. होतं ते मीच शंभर टक्के खात्रीने पुसलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी स्वतःच्या हाताने दिली होती.

वरच्या पोराला मी म्हटलं, "तू हॉस्पिटलला जा. बाकीचे ओळखीपाळखीचे विचारत राहा. मी दुपारपर्यंत माणूस आणते." कशाच्या जोरावर म्हटलं, माहीत नाही. त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं.

पूल ओलांडून पश्चिमेला गेले आणि राईला जाणारी बस धरली. वाटेतलं मुर्धा गाव येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. नोंदी भरणाऱ्या त्या पोरीला काय म्हणायचं? "जरा चूक झाली"? "गैरसमज झाला"? एक वाक्य धड जमेना. लोकांना अर्ज लिहायला शिकवणारी बाई मी.

घर सापडायला त्रास पडला नाही, दोन जणांना विचारलं. ती अंगणात सुकट पसरत होती. मला बघून हात पुसून उभी राहिली, जशी वर्गात उभी राहायची. तिच्या आईने आतून खुर्ची आणून ठेवली आणि पाणी आणायला गेली. म्हणजे ह्या पोरीने घरी काही सांगितलंच नव्हतं. ते मला जास्त लागलं.

मी बसलेही नाही. सगळं सांगून टाकलं. वरच्या मजल्यावरची सून, सोमवारचं ऑपरेशन, आज दुपारपर्यंत ओ निगेटिव्ह दाता हवा, आणि यादीतलं मी सगळं पुसलं. "तुझ्या सगळ्या नोंदी पुसल्या. मला वाटलं, तू खोट्या भरल्यास."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणालात, काहीतरी लिही."

तेव्हा मला आठवलं. बारा जणांची टकटक, वर न बघता फेकलेलं वाक्य, सगळं. 

"मी आधी नुसतं asdf लिवायची," ती सांगायला लागली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "पण तो ई-मेल एकदा कोणी घेतला की फॉर्म परत यायचा. हा आधीच आहे म्हणायचा. म्हणून मी नंबर घातले. asdf एक, asdf दोन. तर तेही बाहेरच्या लोकांनी कधी कधी घेतलेले असायचे. मग परत यायचा. तेव्हा आकडा तोच ठेवून मी पुढे एक अक्षर वाढवायची. परत आला की बाकीचं राहायचं, पण राज्य आपोआप पहिल्यासारखं व्हायचं. अंदमान. कधी माझ्या ध्यानात यायचं, कधी राहून जायचं."

म्हणजे बघा. राईचे लोक दीड वर्ष अंदमानात बसले होते, आणि महाराष्ट्र निवडून शोधणाऱ्या कोणालाही ते कधी दिसलेच नव्हते. मी पुसायच्या आधीपासून.

"एक निगेटिव्हवाला होता. आठवतो का कुठला? नाव?"

"नंबर गल्लीच्या हिशेबाने घातले होते, बाई. आमच्या घरापास्नं सुरू केलं. एक म्हणजे माझा बाप. दोन शेजारचा काका. पुढे घर पकडून पकडून. कोणाला कधी कोण हाय ते कळावं म्हणून." ती गल्लीकडे बघत बोटं मोजायला लागली. ओठ हलत होते. अकरावर थांबली. "अकरा. माझा चुलत काका लागतो. मिठागरावर असंल आता. त्याचंच ओ निगेटिव्ह. फोन दुकानाचा दिला होता मी, वाण्याच्या."

ज्या आकड्यांकडे बघून मी तिला कामचुकार म्हटलं होतं, ते आकडे तिने असे लावले होते. मी तिथे, त्या सुकटीच्या वासात, तिचा हात धरला. म्हटलं, "माझं चुकलं ग. सगळ्यांसमोर बोलले, तेही चुकलं. मला माफ कर." ह्याहून चांगलं वाक्य मला आजही सुचत नाही. ती लाजली आणि हात सोडवून म्हणाली, "चला बाई, तो जेवायला घरी यायच्या आत गाठू. जेवला की झोपतो."

मिठागराच्या बांधावर तो भेटला. चाळिशीचा, सावळा, मजबूत. पुतणीने त्याला त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून एकच विचारलं, "बाईचं पोर पोटात हाय?" मी हो म्हटलं. त्याने फावडं तिथेच ठेवलं, पाय धुतले, सदरा घातला आणि निघाला. जेवल्याशिवाय रक्त देता येत नाही म्हणून पुतणीने त्याला घरी नेऊन चार घास भाकरी खायला लावली. रिक्षात आम्ही तिघं. त्याने तीन-चार वेळा विचारलं, "निगेटिव म्हंजे वायट न्हाय ना? तेव्हा त्या साहेबांनी सांगितलं होतं, पन तरी." मी प्रत्येक वेळी सांगितलं, वाईट नाही, दुर्मीळ आहे. शेवटी पुतणीच वैतागली, "काका, किती येळा सांगायचं!"

ब्लड बँकेत त्याचं वजन झालं, बोटातून थेंब काढून तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. वरच्या मजल्यावरचा पोरगा धावत आला आणि त्याला काय म्हणावं न कळून नुसता हात जोडून उभा राहिला. काका आडवा झाला. पिशवी भरायला फार तर दहा मिनिटं लागली. आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल: सोमवारी रक्तस्राव झालाच, दोन्ही बाटल्या लागल्या, आणि मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

पण मला आठवतो तो शनिवारच, दुपारचा. रक्त देऊन झाल्यावर त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. चहा नि बिस्किटं दिली होती. पुतणी त्या पोराबरोबर कागदांचं काय ते बघायला आत गेली होती. मी त्याच्या शेजारी बसले. तो बिस्किट चहात बुडवत होता. म्हणाला, "आज बोलावलंत, बरं झालं. दीड वर्ष झालं शिबिराला. तेव्हा साहेब म्हनले होते, लय कमी लोकांचं असतं असं रगत, कदी बी बोलावनं येईल. मी दुकानवाल्याला सांगून ठेवलेलं, माझा फोन आला तर मिठागरावर पोरगं धाडून कळव. सुरुवातीला रोज विचारायचो त्याला. कोनी बोलावलंच न्हाय." चहा फुंकून त्याने एक घोट घेतला. "मंग म्हटलं, शेरातल्या लोकांना आपलं रगत चालत नसंल."

 ह्या माणसाला मी खोटा ठरवून पुसून टाकला होता, का, तर त्याला ई-मेल नव्हता. आणि हा रोज वाण्याला विचारत होता.

गप्प बसता आलं असतं. पण मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "तसं नाही हो. तुमचं नाव आमच्या यादीत चुकीच्या ठिकाणी पडलं होतं. आणि मग मी ते काढूनच टाकलं. मीच. रागाच्या भरात, नीट न बघता. चूक माझी आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. त्याला त्यात रागावण्यासारखं काही दिसलंही नसावं.

"मंग लिवा की परत," तो म्हणाला.

मी पर्स उघडली. बसचं तिकीट, वाण्याची यादी, आणि ब्लड बँकेतून मघाशी दिलेलं माहितीपत्रक. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायला घेतलं. त्याने नाव सांगितलं, ते लिहिलं. पुढे रक्तगट लिहिला. पुढे वाण्याच्या दुकानाचा नंबर, तो त्याला पाठ होता. मग मी पेनाचं टोपण लावलं.

तो वाकून कागदाकडे बघत होता. त्याला वाचता कितपत येत होतं, मला माहीत नाही.

"येवढंच लागतं?" त्याने विचारलं.

"एवढंच लागतं," मी म्हटलं.